खास तुमच्यासाठी, आणि शिवाय आणखी १४० जणांसाठी

सणासुदीला फॉरवर्ड होऊन येणाऱ्या शुभेच्छांविषयी तक्रार करणे आता इतके सोपे झाले आहे की ती तक्रारसुद्धा फॉरवर्ड होऊनच येते. आमची तक्रार ती नाही. दुसऱ्याने तिसऱ्यासाठी लिहिलेला आणि चौथ्याकडून आपल्याकडे आलेला मजकूर जसाच्या तसा पुढे ढकलणारा मनुष्य निदान खोटे तरी बोलत नाही. 'तुमचा क्रमांक माझ्याकडे आहे आणि आज दिवाळी आहे' एवढेच तो सांगतो, आणि तेवढेच आपण ऐकतो. आमचे भांडण आहे ते या ढकलगाडीला धुऊनपुसून, नवे कपडे घालून, 'हे तुमच्यासाठीच लिहिले आहे हो' अशा थाटात दारात उभे करणाऱ्यांशी. आणि हे भांडण आम्ही अधिकाराने करतो आहोत, कारण तो उद्योग आम्ही दोघांनी काही वर्षे मन लावून केला आहे.

त्याची कृती साधी आहे. आलेला संदेश 'फॉरवर्ड' न करता त्याची नक्कल काढायची. कारण जुलै २०१८ पासून व्हॉट्सॲप पुढे ढकललेल्या संदेशावर तशी खूण लावते, आणि नक्कल करून डकवलेल्या मजकुरावर ती उमटत नाही. मग ठळक अक्षरांसाठी कुणीतरी मागेपुढे दिलेल्या तारका खुडायच्या, तळाचे 'शुभेच्छुक' आणि त्यापुढचे अनोळखी आडनाव उडवायचे, 'आपण'चे 'तुम्ही' करायचे, विशेषणांची गर्दी थोडी विरळ करायची, वर नाव घालायचे आणि त्याखाली लिहायचे, 'खास तुमच्यासाठी'. शेवटी 'तब्येतीची काळजी घ्या' हे जोडले की झाले. माणशी वीस सेकंद पुरतात. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत ज्याला 'वैयक्तिक स्पर्श' म्हणतात तो हाच.

हा माल ओळखणेही अवघड नसते. पहिल्या ओळीत 'तुझ्या' आणि तिसऱ्या ओळीत 'आपल्या परिवारास' आले, की जोड कुठे आहे ते दिसते. एकदा आम्हांला 'प्रिय सर' अशी सुरुवात असलेला मोठा आपुलकीचा संदेश आला, आणि त्याच्या तळाशी कुणा भलत्याच तालुक्यातल्या कुठल्याशा पतसंस्थेचे नाव राहून गेले होते. आम्ही हसलो. त्या वेळी आम्हांला वाटत होते की आमची कारागिरी याहून सफाईदार आहे.

ती होतीच. आणि घोटाळा नेमका त्या सफाईनेच केला.

आमच्या महाविद्यालयाचे ग्रंथपाल निवृत्त होऊन काही वर्षे झाली होती. त्यांच्या पत्नी एका श्रावणात गेल्या. आम्ही दोघेही अंत्यविधीला होतो. दहाव्यालाही गेलो होतो. त्यानंतरच्या नरकचतुर्दशीला पहाटे आम्ही नेहमीप्रमाणे यादी समोर ठेवून बसलो. त्या वर्षीचा मूळ मजकूर असा होता :

'*दिव्यांच्या तेजाने उजळो आपले जीवन, सुखाच्या सरींनी भिजो आपले अंगण, फराळाच्या गोडीने भरो प्रत्येक क्षण! आपणास व आपल्या परिवारास दीपावलीच्या मंगलमय शुभेच्छा!* शुभेच्छुक...'

आम्ही तो धुतला. 'आपणास व आपल्या परिवारास' हे शब्द सरकारी परिपत्रकासारखे वाटतात, म्हणून वडीलधाऱ्या सहकाऱ्यांसाठी आम्ही त्या जागी 'तुम्हां उभयतांना' अशी घरगुती दुरुस्ती केली होती. शब्द चांगला आहे. त्यात नमस्कारासाठी वाकल्यासारखे वाटते. तो साचा एकामागून एक वडीलधाऱ्यांकडे गेला, आणि ग्रंथपालांकडेही गेला. वर त्यांचे नाव होते. खाली 'तुम्हां उभयतांना' होते.

त्यांचे उत्तर तासाभराने आले. 'धन्यवाद. यंदा घरात कढई चढवली नाही.'

महाराष्ट्रात राहणाऱ्याला या वाक्याचा अर्थ सांगावा लागत नाही. घरात माणूस गेले की वर्षाच्या आतला सण अनेक घरांत करत नाहीत. तळण होत नाही, आणि फराळ शेजारून वा नातेवाइकांकडून येतो. ते रागावले नव्हते. पण आम्ही जर तो फॉरवर्ड तारकांसकट, पतसंस्थेसकट पाठवला असता, तर 'परिवारास' या शब्दावरून त्यांची नजर सहज घसरून गेली असती. तो शब्द कुणालाच उद्देशून नसतो, म्हणून तो कुणाला लागतही नाही. 'उभयतांना' मात्र थेट त्यांच्याकडे बघत होता. वैयक्तिक वाटावे म्हणून जी एक दुरुस्ती केली, तीच तेवढी बोचली.

या घटनेवरून कुणी म्हणेल की तुम्ही निष्काळजी होतात, पद्धतीचा दोष नाही. आम्हांला हे मान्य नाही. जी पद्धत माणसाविषयी काहीही न आठवता त्याच्याशी जवळिकीने बोलण्याची सोय करते, तिच्यात निष्काळजीपणा गृहीतच आहे. काळजी घ्यायची तर आठवावे लागते, आणि आठवू लागले की साचा उरत नाही.

आता थोडे व्याकरण, कारण तो आमचा पोटापाण्याचा विषय आहे. उजळो, भिजो, भरो, नांदो, लाभो : शुभेच्छासंदेशाची सगळी क्रियापदे या एकाच घाटाची असतात. मराठी व्याकरणात हा आज्ञार्थ, तृतीयपुरुषी. आशीर्वाद आणि प्रार्थना यांसाठी तो वापरतात. त्याची गंमत अशी की त्यात बोलणारा कुठेच नसतो आणि ऐकणारा फक्त षष्ठीत असतो : 'आपले' जीवन, 'आपले' अंगण. जीवनाने उजळायचे, अंगणाने भिजायचे. 'मी' काही करत नाही, 'तुम्ही'ही काही करत नाही. असे वाक्य कुणाच्याही तोंडी आणि कुणाच्याही कानी बसते, म्हणून तर ते इतके दूर जाते. वर नाव घातल्याने किंवा 'आपण'चे 'तू' केल्याने यात काही बदलत नाही. बदल होतो तो क्रियापद 'स्वार्था'त आले म्हणजे. व्याकरणातला स्वार्थ, म्हणजे जे आहे, होते किंवा होणार आहे ते सरळ सांगणारे रूप. 'तुम्ही आलात', 'तू म्हणाली होतीस', 'आम्ही येतो'. असे क्रियापद लिहायचे तर कुणी काय केले हे ठाऊक असावे लागते. (शुभेच्छा निःस्वार्थ असाव्यात असे ज्यांना वाटते त्यांनी हा शब्द मनावर घेऊ नये.)

घटनेनंतरच्या सत्रात व्यावहारिक मराठीच्या तासाला आम्ही हाच फॉरवर्ड फळ्यावर लिहिला आणि मुलांना सांगितले की तो एकाच माणसासाठी, ४० शब्दांत, पुन्हा लिहा. कागद गोळा केले. जवळजवळ सर्वांनी आमचीच कृती केली होती : 'दीपावली'ची 'दिवाळी' झाली, 'परिवारास'चे 'घरच्यांना' झाले, 'मंगलमय' गेले. भाषा खरोखरच सुधारली होती. मग आम्ही प्रत्येकाला सांगितले की वरचे नाव खोडा, शेजाऱ्याच्या कागदावरचे नाव तिथे लिहा आणि मोठ्याने वाचा. 'प्रिय आजी'चा मजकूर 'प्रिय मित्रा'ला बेतल्यासारखा बसला. फक्त एका मुलीचा कागद अडला. तिने मावशीला लिहिले होते : 'मावशी, करंज्यांच्या कडा मला अजून तुझ्यासारख्या मुरडता येत नाहीत, तळताना चार फुटल्या. भाऊबीजेला येशील तेव्हा फुटलेल्या तुझ्यापुढे ठेवणार नाही, पण तू विचारशीलच.' या कागदावर शेजाऱ्याच्या क्रिकेट खेळणाऱ्या मित्राचे नाव घातल्यावर वर्ग खो-खो हसला. या मजकुरात शुभेच्छा हा शब्द नाही, दिवा नाही, तेज नाही. एकही गोड विशेषण नाही. पण तो दुसऱ्या कुणाला पाठवता येत नाही. एका मुलाने प्रामाणिकपणे विचारले, 'सर, पण मग हा फॉरवर्डच्या आधारे लिहिलेला कुठे राहिला?' प्रश्न बरोबर होता. मूळ मजकुरातून फक्त 'फराळ' हा एक शब्द घेऊन त्या मुलीने बाकी सगळे टाकून दिले होते.

इथे आमचे काही मित्र एक जुना आक्षेप पुढे करतात, आणि तो टाळून जाणे योग्य नाही. ते म्हणतात, आपल्या आजोबांची पत्रे तरी कुठे स्वतःच्या शब्दांत होती? 'तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार विनंती विशेष' हाही साचाच. 'लोभ असावा ही विनंती' हेही फॉरवर्डच, फक्त पोस्टाने जाणारे.

नाही. मायना हा साचा खराच, पण तो नात्याचा साचा होता. 'तीर्थरूप' स्वतःच्या वडिलांना, 'तीर्थस्वरूप' वडिलांसारख्या इतरांना, 'चिरंजीव' लहानांना. एकाचा मायना दुसऱ्याला लावला तर लगेच चूक दिसे आणि मुलाला ती सुधारून पत्र पुन्हा लिहावे लागे. म्हणजे पहिल्याच ओळीत, कोण कुणाशी बोलतो आहे हे ठरून जाई. दुसरे, आणि आमच्या मते महत्त्वाचे, ते 'विनंती विशेष' या शब्दांत आहे. साचा तिथे संपतो आणि सांगतो की आता 'विशेष' काय ते लिहा. मग मधल्या जागेत म्हैस व्यालेली असे, कोर्टाची तारीख पडलेली असे, धाकट्याचे दात पडलेले असत. शेवटी पुन्हा साचा : मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. पत्राच्या दोन्ही काठांना ठरीव शब्दांचे किनार असे आणि मध्ये अंग असे. आजच्या संदेशात नुसती किनारच आहे, लुगडे नाही. ती किनार कितीही नाजूक विणली तरी नेसता येत नाही.

टपाल खात्याच्या अभिनंदनाच्या तारांचे उदाहरणही देतात. तारघरात ठरीव वाक्यांची क्रमांकवार यादी असे. पाठवणारा नुसता क्रमांक लिही आणि पलीकडे छापील शुभेच्छा पोहोचत. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली तोवर ही सोय होती. पण तार घेणाऱ्याला ठाऊक असे की वाक्य यादीतले आहे. पाठवणाऱ्याचे काय होते? त्याचे नाव, त्याचे पैसे, आणि तारघरापर्यंत घातलेली पायपीट. त्या वाक्याने 'मी खास तुमच्यासाठी सुचलो' असा आव कधी आणला नाही. जो मनुष्य आज फॉरवर्ड जसाच्या तसा पाठवतो तो या तारेचा गरीब वारस आहे, आणि आम्ही त्याला माफ करतो.

आता ग्रंथपालांकडे परत जाऊ, कारण उत्तर आले होते आणि आम्हांला काहीतरी लिहिणे भाग होते. पहिला मसुदा असा झाला : 'सर, चूक झाली, क्षमा करा. ही दिवाळी तुम्हांला किती जड जात असेल याची आम्हांला जाणीव आहे. ईश्वर तुम्हांला दुःख सोसण्याचे बळ देवो.' लिहून झाल्यावर वाचला आणि लाज वाटली. 'देवो' परत आले होते. दिवाळीचे फॉरवर्ड पुसून आम्ही शोकसंदेशाचे फॉरवर्ड लिहिले होते. पत्नी गेलेल्या कुठल्याही माणसाला ते चालले असते. शिवाय 'जाणीव आहे' हे खोटे होते. सकाळीच ते सिद्ध झाले होते.

दुसऱ्या मसुद्यात आम्ही स्वतःला एकच प्रश्न विचारला : त्या बाईंविषयी आम्हांला खरोखर काय ठाऊक आहे? फार नव्हते. दिवाळीच्या सुटीनंतर महाविद्यालय उघडले की ग्रंथालयाच्या काउंटरवर दिवाळी अंकांचा गठ्ठा येई, आणि त्याच्या शेजारी वहिनींनी दिलेला पातळ पोह्यांच्या चिवड्याचा स्टीलचा डबा. डब्यावर ग्रंथपालांच्या सुवाच्य अक्षरातली चिठ्ठी असे : 'तेलकट हात अंकास लावू नयेत.' चिवडा सर्वांनी खावा आणि अंकही सर्वांनी वाचावा, पण एका वेळी एकच. एवढे आम्हांला ठाऊक होते, आणि एवढे पुरेसे होते.

तरी तिसरा मसुदा करावा लागला, कारण दुसऱ्यात आम्ही आठवणीचा निबंध केला होता. त्यातून तीन गोष्टी काढल्या. 'वहिनींची उणीव जाणवते' हे काढले, कारण ती उणीव त्यांची होती. आम्हांला फार तर चिवड्याची जाणवत होती. 'कढई'चा उल्लेख काढला, कारण त्यांचाच शब्द त्यांना परत करणे म्हणजे आपल्याला तो कळला हे दाखवणे. आणि क्षमायाचना एका वाक्यावर आणली, कारण लांबलचक क्षमा मागितली की समोरच्याला आपले सांत्वन करावे लागते. रात्री जे पाठवले ते असे :

'सर, सकाळचा संदेश न वाचता पाठवला, चुकले. काउंटरवरचा वहिनींचा डबा आणि तुमची "तेलकट हात" ही चिठ्ठी आज दोघांनाही आठवली. पाडव्याला दहा वाजता फराळ घेऊन येतो. नको असेल तर तेवढे कळवा. एरवी उत्तर नको.'

यात शुभेच्छा नाही. दिवाळी हा शब्दही नाही. पाडवा आहे, पण तो वार सांगण्यासाठी. असा मजकूर शुभेच्छासंदेश म्हणावा की नाही यावर आमच्या दोघांतही मतभेद आहे. एकाचे म्हणणे असे की सणाच्या निमित्ताने एका माणसाने दुसऱ्याची आठवण काढणे हाच शुभेच्छेचा गाभा आणि बाकीची आतषबाजी. दुसऱ्याला वाटते की हा वेगळाच प्रकार आहे आणि त्याला शुभेच्छा म्हणून त्या शब्दाची अब्रू वाढवू नये. शेवटचे वाक्य मात्र दोघांनाही महत्त्वाचे वाटते. एका माणसासाठी लिहिलेली चिठ्ठी त्याच्यावर उत्तराचे ओझे टाकते. फॉरवर्ड टाकत नाही, हा फॉरवर्डचा एक खरा गुण आहे, आणि चिठ्ठी लिहिणाऱ्याने तेवढा तो उसना घ्यावा.

पाडव्याला आम्ही गेलो. त्यांनी आमच्या डब्यातला चिवडा तीन बशांत काढला, दोन हातरुमाल आणून ठेवले आणि मग नव्या अंकांचा गठ्ठा पुढे सरकवला. वहिनींविषयी बोलणे झाले ते निघताना, दारात, दोन वाक्ये.

यावर कुणी असे समजू नये की जास्त आठवले की जास्त चांगले. मर्यादा आहेत, आणि त्या आम्ही पुढे चुकत चुकतच शिकलो. दोघांमधली गोष्ट समूहात लिहिली की ती जवळीक न राहता प्रदर्शन होते. समूहात सार्वजनिक ठरीव वाक्यच शोभते. आजाराचा, नोकरी गेल्याचा, मोडलेल्या लग्नाचा उल्लेख सणाच्या सकाळी, समोरच्याने आपणहून काढला नसेल तर, करू नये. तो तपशील खरा असतो आणि म्हणूनच नको असतो. आठवण चुकीची निघाली तर कोरडे फॉरवर्ड परवडले : एका मित्राला त्याच्या मुलीच्या अरंगेत्रमविषयी लिहिले, ती कथक शिकत होती. आणि आठवण कितीही चांगली असली तरी तीच दर वर्षी वापरली की तिचाही साचा होतो.

राहिला वेळेचा प्रश्न. 'दीडशे जणांना असे लिहायचे कधी?' असे विचारतात. लिहायचेच नाही. एक चिठ्ठी लिहायला आम्हांला, मराठीचे प्राध्यापक असूनही, दहाबारा मिनिटे लागतात, आणि त्यातली बहुतेक लिहिण्यात न जाता आठवण्यात जातात. एका संध्याकाळी दहा होतात. अकराव्या चिठ्ठीत 'लाभो' डोकावू लागते आणि आम्ही थांबतो. वसुबारस ते भाऊबीज एवढ्या दिवसांत मिळून तीस होतील, पण तितकी माणसे आमच्यापाशी नाहीत. दीडशेंची यादी ही क्रमांकांची होती, हे आम्हांला ती फाडल्यावर कळले.

उरलेल्यांना आम्ही आता काहीच पाठवत नाही. पहिल्या वर्षी त्यातल्या चौघांनी भाऊबीजेनंतर विचारले, 'काय हो, रागावलात का?' त्यांच्यापैकी एकाने पुढे लिहिले होते की तुमचा संदेश आला नाही म्हणून पोरांना म्हटले, सरांची तब्येत तर बरी आहे ना. त्या गृहस्थांचे नाव आम्ही दहांच्या यादीत घातले आहे.